बस सरासरी १२ मिनिटांनी येते, ८ मिनिटं उभं राहून झालं, मग उरली किती? (फोटोतलं गणित)

मृणाल_चेंबूर

टीवायला स्टॅटिस्टिक्स आहे, पुढच्या आठवड्यात इंटर्नल. वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी सरावाच्या प्रश्नांच्या पानाचा फोटो टाकलाय. फोटो तिरका आहे आणि उजवी कड कापली गेलीय, म्हणून वाचता येतं तेवढं इथे टाइप करते.

> एका बस स्टॉपवर लागोपाठच्या दोन बसमधलं अंतर घातांकी वितरणाचं आहे, सरासरी १२ मिनिटं. एक प्रवासी स्टॉपवर ८ मिनिटं उभा आहे आणि अजून बस आलेली नाही. (अ) बस यायला आणखी निदान ६ मिनिटं लागतील याची संभाव्यता काढा. (ब) त्याच्या थांबण्याच्या एकूण वेळेचं अपेक्षित मूल्य काढा. (क) मागची बस गेल्यापासून पुढची बस येईपर्यंतचं अंतर सरासरी...

(क) तिथेच तुटलाय. (अ) शेजारी कुणीतरी पेनाने ०.३११ लिहिलंय. मला ०.६०७ येतं. (ब) मध्ये तर माझी सुरुवातच होत नाहीये. उत्तर कुठलं बरोबर ते हवंच आहे, पण पेनवाल्याने काय केलं असेल तेही समजून घ्यायचंय.

पार्लेकर पक्या

(अ) तुझंच बरोबर. घातांकी म्हटलं की मेमरीलेस, म्हणजे आधीची ८ मिनिटं विसरून जायची आणि फक्त पुढची ६ धरायची.

P(T > 6) = e^(-6/12) = e^(-0.5) = 0.6065

(ब) सोपा आहे. सरासरी १२ मिनिटं दिलीच आहे, त्यातली ८ गेली, ४ उरली. एकूण १२. यात काढण्यासारखं काही नाही.

सुलभा_कुर्ला

मला गणितातलं फार कळत नाही, पण हा प्रश्न रोजच्या जगण्यातला आहे म्हणून लिहिते. मागची बस ८ मिनिटांपूर्वी गेली असेल आणि बस १२ मिनिटांनी येत असेल, तर पक्या म्हणतो तशी ४ मिनिटांत यायलाच हवी ना? मी कुर्ल्याला स्टॉपवर पोचले की पहिल्यांदा केळीवाल्याला विचारते, "भैया, मागची कधी गेली?" तो म्हणाला आत्ताच गेली, तर मी भाजी घेऊन येते. म्हणाला बराच वेळ झाला, तर हलत नाही. गेली कित्येक वर्षं मी याच हिशेबावर चालते.

एक्स्चेंजवाला

मृणाल, आधी तुझ्या पेनवाल्याचं बघू. त्याने हे केलंय:

P(T > 14) = e^(-14/12) = 0.3114

हा आकडा चुकलेला नाही, पण तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. प्रवासी स्टॉपवर नुकताच पोचलाय, एक मिनिटही झालेलं नाही, आणि आपण विचारतोय की याला १४ मिनिटांहून जास्त थांबावं लागेल का. त्याचं उत्तर ०.३११. तुझ्या प्रश्नातला प्रवासी मात्र ८ मिनिटं काढून बसलाय. पहिल्या ८ मिनिटांत ज्यांना बस मिळाली ते लोक आता स्टॉपवर नाहीतच, त्यामुळे त्यांना मोजणीत धरायचं नाही.

हे माणसांत मोजून बघ. वेगवेगळ्या वेळी स्टॉपवर आलेले १००० प्रवासी घे. त्यातले ८ मिनिटांनंतरही उभे असलेले साधारण ५१३, कारण e^(-8/12) म्हणजे 0.5134. चौदा मिनिटांनंतरही उभे असलेले साधारण ३११. तुझा प्रश्न त्या ५१३ लोकांपुरता आहे आणि त्यातले ३११ अजून ६ मिनिटं तिष्ठत राहतात. ३११ भागिले ५१३ केलं की ०.६०६५ च्या आसपास येतं. पेनवाल्याने छेदात ५१३ च्या जागी १००० ठेवले, एवढंच झालं.

पक्या, (अ) मध्ये तू ८ मिनिटं विसरलास ते योग्यच केलंस, पण (ब) मध्ये तीच ८ मिनिटं १२ तून वजा केलीस. विसरायची असतील तर दोन्हीकडे विसरायला हवीत. पुढे थांबण्याची सरासरी पुन्हा पूर्ण १२ च राहते. ८ तर खर्च झालीच आहेत, म्हणून एकूण २०.

पार्लेकर पक्या

काका, २० पटत नाही. सरासरी १२ दिली असताना ती २० कशी होईल? मग ती १२ गेली कुठे?

एक्स्चेंजवाला

ती १२ सगळ्या हजार जणांची आहे. त्यातल्या ४८७ जणांना पहिल्या ८ मिनिटांतच बस मिळाली, आणि त्यांची सरासरी काढलीस तर जेमतेम ३.६ मिनिटं येते. उरलेल्या ५१३ जणांची २०. आता दोन्ही एकत्र कर: ०.४८७ गुणिले ३.५६ अधिक ०.५१३ गुणिले २०. तुझी १२ परत आली की नाही बघ. एका गटाची सरासरी २० म्हणून सगळ्यांची सरासरी वाढत नाही. तू ज्या गटात उभा आहेस तो निवडून वेगळा काढलेला गट आहे, ८ मिनिटं बस न मिळालेल्यांचा.

"आता ४ च उरली" हे कुठे खरं ठरेल? बस घड्याळ लावल्यासारखी बरोबर १२ मिनिटांनी येत असेल आणि मागची बस तुझ्या डोळ्यांदेखत गेली असेल तर. घातांकी वितरण याच्या दुसऱ्या टोकाला असतं. समज, दर सेकंदाला कुणीतरी ७२० तोंडांचा फासा टाकतंय आणि ठरलेलं एकच तोंड पडलं तर बस येते. सरासरी ७२० सेकंद, म्हणजे १२ मिनिटं. तुझी ८ मिनिटं म्हणजे ४८० वेळा फासा पडून गेला आणि बस आली नाही. पुढच्या सेकंदाला टाकायचा फासा मात्र तोच असतो. मागे ४८० वेळा काय पडलं याची त्या फाशाकडे नोंद नसते.

सुलभाताई, तुम्ही प्रश्न जरा वेगळा वाचलात. फोटोत प्रवासी ८ मिनिटं उभा आहे, तुम्ही म्हणताय बस ८ मिनिटांपूर्वी गेली. पण तुमच्या वाचनातून या गणिताचा गाभाच हाती लागतो. घातांकी वितरणात दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. बस जाऊन ८ मिनिटं झाली असोत, १ मिनिट झालं असो की अर्धा तास, पुढची बस सरासरी १२ मिनिटांनीच. म्हणजे केळीवाल्याच्या उत्तराला काडीची किंमत नाही. स्मृतिहीन या शब्दाचा स्टॉपवरचा अर्थ मी तरी असाच सांगेन: "मागची कधी गेली?" हे विचारून काहीही हाती न लागणं.

सुलभा_कुर्ला

असं कसं काका? मला तर त्याचा उपयोग होतो. आत्ताच गेली म्हणाला आणि मी भाजी घेऊन आले, तरी बस चुकलीय असं क्वचितच होतं.

एक्स्चेंजवाला

मग तुमच्या स्टॉपवरच्या बस घातांकी नाहीत. ताई, मी हे गंमत म्हणून म्हणत नाही. तुमच्या त्या अनुभवातच पुरावा आहे. केळीवाल्याच्या उत्तराने तुमचा अंदाज सुधारत असेल, तर तिथे स्मृती आहे. परीक्षेतलं गणित एक गृहीतक देतं आणि त्या गृहीतकाखाली उत्तर मागतं. कुर्ल्याच्या रस्त्यावर ते गृहीतक टिकतं का, हा वेगळा प्रश्न, आणि तो मोजून बघायचा प्रश्न आहे.

माझी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजच्या ट्रॅफिक विभागात गेली. हे गणित तिथलंच. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांगने १९०९ साली कॉल कसे येतात यावर निबंध लिहिला, रांगांच्या शास्त्राची सुरुवात तिथून धरतात. हजारो ग्राहक एकमेकांना न विचारता फोन उचलतात, त्यामुळे दोन कॉलमधलं अंतर घातांकी धरलं तर ते चांगलं जुळतं. बसच्या बाबतीत मुख्य अडचण अशी की एकाच मार्गावरच्या दोन बस एकमेकींपासून तशा मोकळ्या नसतात.

निशिगंध

मृणाल, हातांनी पटलं नसेल तर चालवून बघ.

```python
import numpy as np
t = np.random.default_rng().exponential(scale=12, size=1_000_000)
u = t[t > 8] - 8
print(u.mean(), (u > 6).mean())
```

पहिला आकडा १२ च्या अगदी जवळ येतो, दुसरा ०.६०७ च्या. `t > 8` मध्ये आठाच्या जागी २० किंवा ३० घाल, आणि `- 8` सुद्धा बदल. दोन्ही आकडे तिथेच राहतात. मला स्वतःला हे सूत्रापेक्षा यातून जास्त पटलं.

एक काळजी घे. नमपायमध्ये `scale` म्हणजे सरासरी. पुस्तकातला लॅम्डा समजून तिथे `1/12` टाकलंस तर बसची सरासरी पाच सेकंदांची होते, ८ मिनिटांहून मोठं अंतर एकही सापडत नाही आणि उत्तर `nan` येतं. ते दिसलं की समजायचं कुठे गडबड झाली. आर वापरत असशील तर उलट, `rexp` ला दर लागतो, म्हणजे तिथे `rate = 1/12`.

मृणाल_चेंबूर

चालवलं. ३० घालूनही सरासरी १२ च, हे बघताना अंगावर काटा आला.

(अ) आणि (ब) झाले. (क) चं काय? "मागची बस गेल्यापासून पुढची बस येईपर्यंतचं अंतर सरासरी..." एवढंच आहे. प्रश्नातच सरासरी १२ दिलीय, मग तीच परत कशाला विचारतील?

पार्लेकर पक्या

१२ च असणार. गृहीतकच आहे ते. पुढे बहुतेक "सरासरीपेक्षा जास्त असण्याची संभाव्यता" असं काहीतरी असेल, म्हणजे e^(-1).

एक्स्चेंजवाला

तसंही असू शकेल, पण (अ) आणि (ब) नंतर (क) आलाय, म्हणजे मला वाटतं हा प्रवासी ज्या अंतरात सापडलाय, त्याच अंतराची सरासरी विचारलीय. आणि ती १२ नाही.

प्रवासी कुठल्याही क्षणी स्टॉपवर आला. पुढे बघितलं तर बस सरासरी १२ मिनिटांनी. आता मागे बघ. मागची बस किती वेळापूर्वी गेली असेल? फासा मागच्या दिशेनेही तोच आहे. म्हणून मागेही सरासरी १२, निदान सेवा बराच वेळ आधीपासून चालू असेल तर. तो जिथे सापडला त्या अंतराची सरासरी झाली २४. आणि प्रश्नातल्या प्रवाशाची ८ मिनिटं उभं राहून झालीच आहेत, ती धरली तर मागची १२, मधली ८, पुढची १२, मिळून ३२.

पार्लेकर पक्या

काका, आता मात्र हे अती झालं. सगळी अंतरं सरासरी १२ ची, आणि प्रवासी ज्यात सापडतो ते २४ चं? प्रत्येक प्रवासी नेमका मोठ्याच अंतरात कसा सापडेल?

जुना स्टार्टर

पक्या, बाकीच्या गणितात मी पडत नाही, पण हे मी सांगू शकतो. तीस वर्षं बस सोडण्याचं काम केलंय, हातात वहीच असायची.

डेपोतून गाड्या ठरलेल्या अंतराने सुटतात. पण पहिली गाडी सिग्नलला अडकली, तर पुढच्या स्टॉपवर माणसं जास्त जमतात. ती चढेपर्यंत गाडी आणखी मागे पडते. तिच्या मागच्या गाडीला माणसं कमी मिळतात, ती लवकर लवकर निघते आणि पुढचीला गाठते. मग दोन्ही जोडीने येतात आणि त्यांच्यामागे मोठी पोकळी. सायनकडून येणाऱ्या गाड्या संध्याकाळी अशाच यायच्या. वहीत अंतरं दिसायची ती साधारण अशी, मिनिटांत (आकडे नमुन्याचे आहेत, वहीतले नाहीत):

२, ३, २१, १, १८, १५, ४, २७, ५, २४

बेरीज १२०, गाड्या दहा, म्हणून सरासरी १२. कागदावर सगळं ठीक. आता स्टॉपवरचा माणूस कुठे उभा असतो ते बघ. दहापैकी पाच अंतरं पाच मिनिटांची किंवा त्याहून कमी. ती सगळी मिळून होतात १५ मिनिटं. उरलेली १०५ मिनिटं मोठ्या पोकळ्यांची. माणूस कुठल्याही मिनिटाला आला तर आठात सात वेळा मोठ्या पोकळीतच येणार. मोठी पोकळी जास्त मिनिटं व्यापते, मग तिच्यात माणसंही जास्त येणारच. यात माणसाच्या नशिबाचा काही दोष नाही.

पार्लेकर पक्या

हे पटलं. गाड्या मोजल्या तर १२, माणसं मोजली तर जास्त. म्हणजे एकाच रस्त्याच्या दोन वेगवेगळ्या सरासरी आहेत, आणि दोन्ही खऱ्या.

एक्स्चेंजवाला

नमस्कार साहेब, तुमचा नमुना फार कामाचा आहे. मी त्यावर हिशेब करतो.

कुठल्याही क्षणी येणाऱ्या माणसाला सरासरी किती थांबावं लागेल, हे काढायला प्रत्येक अंतराचा वर्ग घ्यायचा, वर्गांची बेरीज करायची आणि ती अंतरांच्या बेरजेच्या दुपटीने भागायची.

2350 / (2 × 120) = 9.8 मिनिटं

याच दहा गाड्या बरोबर बारा-बारा मिनिटांनी आल्या असत्या तर सरासरी थांबणं ६ मिनिटं झालं असतं. अंतरं घातांकी असती तर १२. इथे ९.८. गाड्या तेवढ्याच, डिझेल तेवढंच, आणि माणसाचं थांबणं ६ वरून जवळजवळ १० वर गेलं, ते केवळ अंतरं वेडीवाकडी असल्यामुळे. कुणी "सरासरी १२ मिनिटांनी बस आहे" असं सांगितलं, तर त्यावरून माणूस किती वेळ उभा राहील हे कळत नाही, ते या कारणाने.

निशिगंध

काका, मग मोजून बघायची सोपी कसोटी अशी का, की घातांकीमध्ये सरासरी आणि प्रमाण विचलन सारखं असतं? इथे सरासरी १२, आणि विचलन मी काढलं तर साडेनऊ येतंय. दहाच आकडे आहेत, त्यामानाने फार लांब नाही. म्हणजे घातांकी म्हणून चालवून घेता येईल?

एक्स्चेंजवाला

नाही, इथेच लोक फसतात. सरासरी आणि विचलन जवळपास असणं हे घातांकीचं एक लक्षण आहे, पण त्यावरून स्मृती नाही असं म्हणता येत नाही. साहेबांच्या यादीला सुलभाताईंचा प्रश्न विचार.

मागची बस आत्ताच गेली. तर दहापैकी पाच वेळा पुढची पाच मिनिटांच्या आत येते, कारण ती जोडीतली दुसरी असते. आता मागची जाऊन ८ मिनिटं झालीत. जोडीतली दुसरी यायची असती तर एव्हाना आली असती. उरली फक्त १५, १८, २१, २४, २७ ही अंतरं. म्हणजे पुढची सात मिनिटं बस येणार नाही हे या यादीपुरतं नक्की. फोटोतल्या (अ) ला घातांकीने ०.६०७ उत्तर दिलं होतं. इथे बस जाऊन ८ मिनिटं झाली असताना आणखी ६ मिनिटं लागण्याची संभाव्यता पूर्ण १ आहे.

आणि गंमत बघ, याच ठिकाणी उरलेल्या वेळेची सरासरी काढलीस तर १३, ७, १०, १९ आणि १६ यांची मिळून १३ येते. सुरुवातीला १२ होती, आता १३. नुसती सरासरी बघणारा म्हणेल, फारसं बदललं नाही, मेमरीलेस आहे. पण केळीवाल्याचं उत्तर इथे सोन्यासारखं आहे. "आत्ताच गेली" म्हणाला तर जागचं हलू नका, जोडीतली दुसरी येत असेल. "आठ मिनिटं झाली" म्हणाला तर खुशाल भाजी घेऊन या.

सुलभा_कुर्ला

अहो पण काका, मी बरोबर उलट करते! आत्ताच गेली म्हणाला की मी जाते भाजीला.

एक्स्चेंजवाला

आणि तुमची बस चुकत नाही असं तुमचं म्हणणं आहे. त्यावरून तुमच्या स्टॉपवर बस जोडीने येत नसाव्यात, बऱ्यापैकी अंतर राखून येत असाव्यात. तुमची सवय त्या प्रकाराला योग्य आहे. साहेबांच्या सायनच्या संध्याकाळी ती उलटी पडली असती. स्मृती दोन्हीकडे आहे, फक्त तिचा कल वेगवेगळा आहे.

निशिगंध, म्हणून कसोटी अशी कर. सगळी अंतरं घे. ४ मिनिटांहून मोठी किती, ८ हून मोठी किती, १२ हून मोठी किती, असं मोजत जा आणि त्या आकड्यांचा लॉगॅरिथम आलेखावर मांड. घातांकी असेल तर ठिपके एका सरळ रेषेत उतरत जातात. साहेबांच्या यादीत ५ पर्यंत घसरण, मग १५ पर्यंत सपाट, मग एकदम कडा. ती सपाटी डोळ्यांना लगेच दिसते, विचलनाच्या एका आकड्यात ती लपून राहते. आणखी एक, लागोपाठची अंतरं एकमेकांवर अवलंबून आहेत का तेही बघायचं. मोठ्या पोकळीनंतर वारंवार छोटं अंतर येत असेल तर तीही स्मृतीच.

जुना स्टार्टर

त्यात माझी एक सूचना. दुपारी दोनच्या आणि संध्याकाळी सातच्या नोंदी एकत्र करू नका. गाड्यांची संख्याच वेगळी असते. सगळ्या दिवसाचं एकत्र केलं तर छोटी अंतरं गर्दीच्या वेळची आणि मोठी दुपारची, आणि तुमचा आलेख भलतंच काहीतरी सांगेल.

पार्लेकर पक्या

मला एक वेगळाच प्रश्न पडलाय. घातांकीमध्ये वीस मिनिटं थांबलो तरी पुढे १२ च. मग रिक्षा कधी करायची? सुरुवातीला "थांबतो" असं ठरवलं असेल तर वीस मिनिटांनंतरही तेच ठरवायला हवं, कारण पुढचं चित्र तेच आहे. पण प्रत्यक्षात वीस मिनिटं झाली की मला वाटायला लागतं, आता काही येत नाही. हा मनाचा खेळ आहे का?

एक्स्चेंजवाला

मनाचा खेळ नसावा. गणितातल्या प्रवाशाला सरासरी १२ हे माहीत असतं. तुला खात्री नसते. आज रस्ता मोकळा आहे की पुढे कुठे पाणी तुंबलंय, हे तुला स्टॉपवर उभं राहून कळत नाही. समज, निम्म्या दिवशी बस सरासरी ६ मिनिटांनी येते आणि निम्म्या दिवशी २४ मिनिटांनी, दोन्ही वेळा घातांकीच. स्टॉपवर पोचताना तुझी अपेक्षा १५ मिनिटांची. आता १२ मिनिटं गेली, बस नाही. चांगल्या दिवशी असं होण्याची संभाव्यता e^(-2) म्हणजे 0.135, वाईट दिवशी e^(-0.5) म्हणजे 0.607. म्हणजे आज वाईट दिवस आहे याची शक्यता निम्म्यावरून ८२ टक्क्यांवर गेली. उरलेली अपेक्षा आता जवळजवळ २१ मिनिटं.

बसला मागचं काही आठवत नाही, पण तू मात्र थांबता थांबता आजच्या दिवसाबद्दल शिकतोयस. म्हणून "जितकं जास्त थांबलो तितकं पुढेही जास्त थांबावं लागणार" हे वाटणं अशा वेळी बरोबर असतं.

जुना स्टार्टर

इथे मी सहमत नाही. पाणी तुंबलं की स्टॉपवरच्या माणसाला ते समजतंच, समोरून येणाऱ्या गाड्या थांबतात, रिक्षावाले सांगतात. माणूस एवढा आंधळा नसतो. निम्मे दिवस असे नि निम्मे तसे हे तुम्ही धरलंत, ते कशावरून?

एक्स्चेंजवाला

निम्मे-निम्मे मी सोयीसाठी घेतले, त्याला पुरावा नाही. वाईट दिवस दहातून एक असेल तर १२ मिनिटांनी ती शक्यता साधारण एक तृतीयांशावर येते, आणि उरलेली अपेक्षा १२ मिनिटांच्या आसपास. पोचताना ती ८ च्या आत होती, म्हणजे साधारण चार मिनिटांनी वाढली. समोरच्या बाजूच्या गाड्या दिसत असतील तर ती वेगळी माहिती झाली आणि ती धरायलाच हवी. तुमचं म्हणणं मी खोडत नाही. किती वाढतं ते आधी काय धरलं यावर आहे.

मृणाल_चेंबूर

पेपरात (क) ला काय लिहू? २४, ३२ की १२?

एक्स्चेंजवाला

प्रश्न पूर्ण मिळाला नाही तर एका ओळीत गृहीतक लिही. "प्रवासी यादृच्छिक क्षणी आला आणि त्याची ८ मिनिटं थांबून झाली आहेत, त्या अंतराची सरासरी" असं लिहून ३२. आठ मिनिटांची अट न धरता नुसत्या यादृच्छिक क्षणी आलेल्या प्रवाशासाठी २४. आणि सगळ्या बसच्या अंतरांची विचारली असेल तर १२. तिन्ही बरोबर असू शकतात, प्रश्नाचं उरलेलं वाक्य कुणाकडे असेल तर मागून घे.

मृणाल_चेंबूर

ग्रुपवर विचारलंय. एका मुलीकडे दुसरा फोटो आहे, पण त्यात (क) वर अंगठा आलाय.

सुलभा_कुर्ला

काका, मी संध्याकाळी सात ते आठ या वेळात माझ्या नंबरच्या बसच्या वेळा लिहून ठेवायचं ठरवलंय. केळीवालाही तयार आहे, मी नसेन तेव्हा तो लिहील. फक्त एक सांगा, दोन बस एकामागोमाग लागल्या तर एकच धरू की दोन?

एक्स्चेंजवाला

दोन धरा ताई, आणि मिनिटांबरोबर सेकंदही लिहा. एकच धरलीत तर जोड्या वहीतून नाहीशा होतात आणि बस फार शिस्तीत येतात असं दिसायला लागतं. पहिली बस भरलेली होती आणि थांबली नाही, तर तीही लिहा, पण शेजारी खूण करा. मागच्या बसशी अंतर मोजायला ती लागते, तुमचं थांबणं मोजायला लागत नाही.